सवलतीत घेतलेलं डिजिटल वर्तमानपत्र बंद करताना : बँकेचा मेसेज, मँडेट आणि २,९९९ रुपये

प्रश्न : मागच्या वर्षी ऑफर बघून एका इंग्रजी वर्तमानपत्राचं वर्षभराचं डिजिटल सबस्क्रिप्शन वेबसाइटवरून, क्रेडिट कार्डाने, ७९९ रुपयांत घेतलं. काल बँकेचा मेसेज आला की १८ तारखेला २,९९९ रुपये कापले जाणार. मेसेजमधलं कंपनीचं नाव ओळखीचं नाही, पण हेच असणार. वर्तमानपत्राने काहीच कळवलेलं नाही. अ‍ॅप तर मी केव्हाच काढून टाकलंय. नुसतं बँकेत बंद केलं तर चालेल का? आणि २,९९९ ला मी कधी ओटीपी दिला होता?

उत्तर : मी बरीच वर्षं वर्तमानपत्रांच्या डिजिटल सबस्क्रिप्शनचं काम पाहिलंय, म्हणजे तुमच्या समोरच्या बाजूला बसून. त्यामुळे पैसे कापायची व्यवस्था आतून कशी चालते ते आधी सांगतो. ती कळली की काय करायचं ते आपोआप कळतं.

तुमच्याकडे सध्या दोन वेगवेगळ्या गोष्टी चालू आहेत. एक, वर्तमानपत्राकडचं तुमचं खातं. त्यात ‘ही व्यक्ती वाचक आहे आणि अमुक तारखेला नूतनीकरण करायचं’ अशी नोंद आहे. दुसरी, तुमच्या बँकेकडे असलेलं मँडेट, म्हणजे ‘या कंपनीने मागितले तर माझ्या कार्डावरून पैसे द्या’ ही तुम्ही दिलेली परवानगी. एक बंद केली म्हणून दुसरी बंद होत नाही. अ‍ॅप काढून टाकल्याने तर दोन्हींपैकी कशालाच धक्का लागत नाही. फोनवरची जागा तेवढी मोकळी होते. लोक अडकतात ते इथेच. एक दार लावतात आणि दुसरं उघडं राहिलंय हे पुढच्या वर्षी कळतं.

आता मेसेजबद्दल. वर्तमानपत्राने काही कळवलं नाही असं तुम्ही म्हणता, पण आपल्याकडे नियमाने जी सूचना द्यावीच लागते ती बँकेची, आणि ती तुम्हाला मिळालेली आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डावरच्या अशा आवर्ती व्यवहारांसाठी चौकट घालून दिली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती खऱ्या अर्थाने लागू झाली. त्या चौकटीप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कार्ड देणाऱ्या बँकेने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल करायचा असतो. त्यात व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, कापण्याची तारीख, मँडेटचा किंवा व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि कारण असायला हवं. तो एक व्यवहार किंवा अख्खं मँडेट नाकारण्याची सोयही द्यावी लागते. वर्तमानपत्राचा ‘तुमचं सबस्क्रिप्शन लवकरच नूतनीकृत होत आहे’ हा ईमेल वेगळा. तो येतो की नाही, किती दिवस आधी येतो, हे त्यांच्या अटींवर आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनावर असतं. काही जण महिनाभर आधी पाठवतात. काही जण वाचकाला आठवण करून देण्यात आपलाच तोटा आहे असं मानतात आणि तो ईमेल प्रमोशनच्या ढिगात हरवला तर फारसं दुःख करत नाहीत.

किमान २४ तास म्हणजे बरोबर २४ तास नव्हे. व्यवस्था अशी चालते : तारीख जवळ आली की वर्तमानपत्राची यंत्रणा पेमेंट गेटवेमार्फत ‘अमुक दिवशी इतके कापायचे आहेत’ अशी विनंती पुढे पाठवते, ती तुमच्या बँकेपर्यंत जाते आणि मग बँक तुम्हाला कळवते. वर्तमानपत्राने विनंती चार दिवस आधी पाठवली तर मेसेज लवकर येतो. शेवटच्या क्षणी पाठवली तर जेमतेम एक दिवस हातात राहतो. एवढा महत्त्वाचा निरोप ओटीपी, कर्जाच्या जाहिराती आणि पार्सलच्या मेसेजांत दबून जातो. नाव ओळखीचं न वाटण्याचं कारणही याच व्यवस्थेत आहे. मेसेजमध्ये बहुधा मूळ कंपनीचं नोंदणीकृत नाव किंवा गेटवेकडे नोंदवलेलं संक्षिप्त नाव येतं, वर्तमानपत्राच्या मथळ्यावरचं नाही. त्यामुळे काही लोक त्याला फसवणूक समजून पुसून टाकतात. ते करू नका. पण मेसेजमधल्या लिंकवरही सरळ टिचकी मारू नका. वर्षापूर्वी पैसे भरल्याचा ईमेल किंवा पावती शोधा, त्यावर कंपनीचं कायदेशीर नाव असतं. जुळलं की शंका मिटली.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे : २,९९९ ला ओटीपी कधी दिला? दिला होता, ७९९ भरताना. मँडेट नोंदवताना त्यावर एक रक्कम असते. ती ठरावीक असू शकते किंवा बदलती. बदलती असेल तर ‘यापेक्षा जास्त नाही’ अशी कमाल मर्यादा घालायची असते. नियमाप्रमाणे ती मर्यादा ग्राहकाने ठरवायची आहे. प्रत्यक्षात पैसे भरायच्या पानावर तो आकडा आधीच भरलेला असतो, बारीक अक्षरात, मोठ्या ‘७९९’ च्या खाली कुठेतरी. तुम्ही ओटीपी टाकता तेव्हा आजच्या ७९९ ला आणि उद्याच्या त्या मर्यादेपर्यंतच्या कुठल्याही रकमेला, दोन्हींना एकदमच होकार देता. पुढच्या वर्षी मागितलेली रक्कम त्या मर्यादेच्या आत बसली तर पुन्हा ओटीपी लागत नाही. जून २०२२ पासून असे व्यवहार एका वेळी १५,००० रुपयांपर्यंत ओटीपीशिवाय होऊ शकतात. पूर्वी ही सीमा आधी २,००० आणि मग ५,००० होती. त्यामुळे वर्तमानपत्राची पूर्ण किंमत या सीमेत आरामात मावते.

पहिल्या वर्षी एवढी सवलत देण्यामागचा हिशेबही हाच. ७९९ मध्ये नफा कमवायचा विचार नसतो. वाचकाचं मँडेट मिळवणं हा त्या किमतीचा खरा उद्देश. दुसऱ्या वर्षी किती लोक टिकले, म्हणजे पूर्ण दराने किती नूतनीकरणं झाली, यावर त्या ऑफरचं यश मोजलं जातं. यात बेकायदेशीर काही नाही, फक्त पूर्ण किंमत सुरुवातीलाच स्पष्ट दिसायला हवी. तुमची मर्यादा किती होती ते मँडेटचा तपशील उघडून बघा. तिथे ‘कमाल रक्कम’ ५,००० किंवा १५,००० अशी दिसली तर २,९९९ कसे येऊ शकतात ते समजेल. तिथे ७९९ ठरावीक म्हणून लिहिलेलं असेल, तर २,९९९ ची मागणी त्या मँडेटवर मुळात चालायलाच नको. तसं असताना पैसे गेले तर तुमची तक्रार खूपच भक्कम होते.

आता कामाला लागू. तुमच्या बाबतीत क्रम कसा असावा हे हातात किती वेळ आहे त्यावर ठरतं.

मेसेज काल आला आणि १८ तारखेला अजून दोन-तीन दिवस असतील तर आधी वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर जा. अ‍ॅप परत घ्यायची गरज नाही. ब्राउझरमध्ये लॉगिन करा. लॉगिन कुठल्या ईमेलने किंवा मोबाइल नंबरने केलं होतं ते पावतीवरून कळेल. ‘माझं खातं’ किंवा ‘सबस्क्रिप्शन’ या भागात ऑटो-रिन्यूअल बंद करायची सोय असते, कधी दोन-तीन पानं आत. तिथे ‘खातं कायमचं हटवा’ असंही एक बटण असू शकतं. ते दाबू नका. खातं हटवलं की लॉगिन जातं, पावत्या जातात, बंद केल्याचा पुरावा जातो आणि मँडेट मात्र बँकेत तसंच उभं राहतं. तुम्हाला फक्त नूतनीकरण बंद करायचं आहे.

बंद करण्याच्या वाटेवर ते तुम्हाला थांबवतील. आधी कारण विचारतील, मग ‘आणखी एक वर्ष ९९९ मध्ये’ असं काहीतरी पुढे करतील. ही ऑफर खरी असते, आणि वर्तमानपत्र वाचत असाल तर घ्यायला हरकत नाही. बऱ्याच अनुभवी वाचकांना पूर्ण दर कधीच भरावा लागत नाही, कारण ते दरवर्षी या पानापर्यंत येतात. पण घेतली तर एवढं बघा की सवलत आत्ताच्या नूतनीकरणाला लागू होते आहे की त्याच्या पुढच्या. १८ तारखेच्या २,९९९ ची विनंती आधीच बँकेकडे गेलेली आहे. ऑफर स्वीकारल्यावर तो आकडा बदलला का हे नव्या मेसेजवरूनच कळेल. नवी रक्कम सांगणारा मेसेज आला नाही तर २,९९९ च कापले जातील असं धरून चाला.

ऑफर नको असेल तर शेवटपर्यंत जा, म्हणजे ‘तुमचं सबस्क्रिप्शन १८ तारखेनंतर नूतनीकृत होणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य दिसेपर्यंत. त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या आणि पुष्टीचा ईमेल आला का ते बघा. बहुतेक ठिकाणी भरलेल्या मुदतीपर्यंत वाचता येतं, त्यामुळे लवकर बंद करण्यात नुकसान नसतं. क्वचित एखाद्या ठिकाणी लगेच प्रवेश बंद होतो, पण तसं असेल तर ते त्या पानावर लिहिलेलं असतं.

त्यानंतर बँकेकडे वळा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डांच्या विभागात ‘ई-मँडेट’, ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ किंवा ‘आवर्ती पेमेंट’ असं काहीतरी सापडेल. अनेक बँका यासाठी sihub.in ही सेवा वापरतात आणि तुम्हाला अ‍ॅपमधूनच तिथे नेतात. अ‍ॅपमधून गेलात तर खोट्या साइटची भीती राहत नाही. यादीत त्या कंपनीचं मँडेट दिसेल. तिथे दोन पर्याय असू शकतात : फक्त हा व्यवहार नाकारा, किंवा मँडेट रद्द करा. दुसरा निवडा. एक व्यवहार नाकारला तर मँडेट जिवंत राहतं आणि वर्तमानपत्र काही दिवसांनी नवी सूचना पाठवून पुन्हा मागणी करू शकतं. रद्द करताना ओटीपी मागितला जाईल. नियमातच तसं आहे, त्यामुळे त्याला घाबरू नका. फक्त तो ओटीपी तुम्ही स्वतः उघडलेल्या बँकेच्या पानावरच टाका, फोनवर कुणाला सांगू नका. वर्तमानपत्राचा ग्राहक सेवा क्रमांक गुगलवर शोधून फोन लावणं हा मला माहीत असलेला सगळ्यात वाईट मार्ग आहे. तिथे खोटे क्रमांक पेरलेले असतात आणि समोरचा माणूस ‘रिफंडसाठी’ म्हणून स्क्रीन शेअर करायला सांगतो. क्रमांक हवाच असेल तर जुन्या पावतीवरचा घ्या.

हातात चोवीस तासांहून कमी वेळ असेल तर क्रम उलटा करा : आधी मँडेट, मग वर्तमानपत्र. पैसे कापायची विनंती एकदा पुढे गेली की वर्तमानपत्राच्या खात्यात ऑटो-रिन्यूअल बंद केल्याने ती मागे घेतली जाईलच असं नाही. दोन यंत्रणांमधला निरोप कधी कधी दुसऱ्या दिवशी पोहोचतो. बँकेकडे मँडेट रद्द केलं की मात्र बँकच नकार देते.

आता ‘नुसतं बँकेत बंद केलं तर?’ पैसे वाचतील. पण वर्तमानपत्राच्या नोंदीत तुम्ही ‘पेमेंट अयशस्वी’ झालेले वाचक ठरता. मग ‘कार्ड अपडेट करा’ असे ईमेल येत राहतात. त्यातल्या एखाद्या बटणावर तुम्ही नकळत टिचकी मारली आणि पैसे भरले की नवं मँडेट तयार. वर्षाचे पैसे आगाऊ घेणाऱ्या योजनेत पुढचं वर्ष सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे थकबाकी वगैरे काही राहत नाही. मात्र वर्षभराची बांधिलकी आणि हप्ते महिन्याला, अशी योजना असेल तर मधेच मँडेट तोडल्यावर ते उरलेल्या महिन्यांचे पैसे मागू शकतात. तिथे अटी वाचल्याशिवाय फक्त बँकेच्या वाटेने जाऊ नका. तुम्ही वर्षाचे ७९९ एकदम भरलेत, म्हणजे हा प्रश्न तुम्हाला नाही.

इथवरचं सगळं कार्डाबद्दल झालं. यूपीआयने घेतलं असतं तर तत्त्व हेच, फक्त मँडेट तुमच्या यूपीआय अ‍ॅपच्या ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या भागात सापडतं आणि पिन टाकून रद्द होतं. एक अडचण तिथे दिसते : एका अ‍ॅपवरून केलेलं मँडेट लोक दुसऱ्या अ‍ॅपमध्ये शोधत बसतात आणि सापडलं नाही म्हणून नाहीच असं समजतात. ज्या अ‍ॅपने मंजुरी दिली तिथेच आधी बघा. गुगल प्ले किंवा अ‍ॅपलच्या स्टोअरमधून घेतलं असतं तर वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर बंद करायचं बटण बहुधा सापडलंच नसतं, कारण पैसे स्टोअर घेतं. तिथे प्ले स्टोअरच्या ‘Payments & subscriptions’ मध्ये किंवा आयफोनच्या सेटिंग्जमध्ये स्वतःच्या नावावर टिचकी मारून ‘Subscriptions’ मध्ये जावं लागतं. परदेशी वर्तमानपत्र भारतीय कार्डाने घेतलं तरी आपल्या बँकेला हीच चौकट लागू असते. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या कार्डाने घेतलं असेल तर मात्र बँकेचा असा मेसेज येईलच याची खात्री नाही. तिथे वर्तमानपत्राच्या अटी आणि त्या देशाचा कायदा बघावा लागतो.

उरला प्रश्न १८ तारखेला पैसे गेलेच तर काय. इथे बऱ्याच जणांची अपेक्षा चुकते. बँकेला ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असं सांगून उपयोग होत नाही, कारण मँडेट तुम्ही दिलं होतं आणि बँकेने आधी सूचनाही पाठवली होती. बँकेच्या दृष्टीने तो मंजूर व्यवहार आहे. म्हणून पहिली मागणी वर्तमानपत्राकडे करा, त्याच दिवशी, लेखी ईमेलने : नूतनीकरण नको होतं, नव्या मुदतीत काही वाचलेलं नाही, रक्कम परत करा. बहुतेकांच्या अटींत ‘परतावा नाही’ असं असतं, तरी पहिल्या काही दिवसांत आणि वापर शून्य असताना विचारलं तर अनेक ठिकाणी पैसे परत देतात, निदान मी जिथे काम केलं तिथे देत. महिन्यानंतर विचारलं तर उत्तर कोरडं येतं. आणि तोवर चुकून लॉगिन करून चार लेख वाचू नका. ते नोंदीत दिसतं.

चित्र बदलतं ते दोन प्रसंगी. तुम्ही मँडेट रद्द केलं होतं आणि तरी पैसे गेले, किंवा बँकेने आधी सूचनाच दिली नव्हती. मग प्रश्न बँकेचा होतो. रद्द केल्यानंतरचा व्यवहार हा तुमच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार आहे आणि त्याला ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. म्हणून तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं.

वर्तमानपत्राने बंद करायचं बटणच लपवलं असेल, ‘फोन करूनच बंद होईल’ म्हणत फोन उचलला जात नसेल, तर ती वेगळी तक्रार. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये वेबसाइट आणि अ‍ॅपवरच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत सांगितलेल्या १३ प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे : रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, तो पर्याय लपवणं, सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं. यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती न्यायालय नाही, निकाल देत नाही. तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून उत्तर मागते. तरी मोठी प्रकाशनं हेल्पलाइनवरून आलेल्या पत्राला सहसा उत्तर देतात, आणि २,९९९ रुपयांसाठी ग्राहक आयोगात जाण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे. तिथे तुमचा स्क्रीनशॉट कामाला येतो, म्हणून बंद करताना अडलात तर जिथे अडलात त्या पानाचाही घ्या.

तर तुमच्यासाठी थोडक्यात : आज वेबसाइटवर लॉगिन करून ऑटो-रिन्यूअल बंद करा, खातं हटवू नका, मग बँकेच्या अ‍ॅपमधून मँडेट पूर्ण रद्द करा आणि दोन्हींचे पुरावे ठेवा. उद्या बँकेच्या यादीत त्या मँडेटची स्थिती ‘रद्द’ अशी दिसते का ते पुन्हा बघा. काही वेळा ओटीपी टाकल्यावर पान अडकतं आणि मँडेट चालूच राहतं. १८ तारखेला काही कापलं गेलं नाही तरी त्यानंतर आठवडाभर मेसेज चाळत राहा. त्याच कंपनीच्या नावाने नव्या तारखेची सूचना आली, तर एक तर मँडेट रद्द झालेलं नाही किंवा त्याच कंपनीचं दुसरं मँडेट तुमच्या नावावर आहे. दुसरं असेल तर बहुधा वेळोवेळी घेतलेल्या कुठल्या तरी मासिकाचं किंवा आर्थिक दैनिकाचं. संदर्भ क्रमांक जुन्याशी ताडून बघितला की दोन्हींपैकी कोणतं ते लगेच कळेल.